सहा नंबरचा नोड दोन मिनिटांत: ड्युअलने मला कसं गंडवलं

फोन डेपोवरून आला होता. आमच्या गाड्या कुठून कुठे किती मिनिटांत पोचतात याचा तक्ता मी आदल्या दिवशी पाठवला होता. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, सहा नंबरला दोन मिनिटांत पोचायचं म्हणजे उडत जायचं का? तिकडे जाणारा रस्ताच सात मिनिटांचा आहे."

मी तक्ता उघडला. सहा नंबरसमोर खरंच २ लिहिलेलं होतं. मुख्य ठिकाणाचा आकडा मात्र अचूक होता, वाटेतल्या सगळ्या नाक्यांचेही. गणित चुकलं असेल तर सगळीकडे चुकायला हवं, एकाच जागी कसं चुकेल?

हे आकडे मी डाइक्स्ट्राने, म्हणजे सगळ्यांत लहान वाट शोधायच्या नेहमीच्या पद्धतीने, काढले नव्हते. आमच्याकडे आधीपासून लिनिअर प्रोग्रामचं मॉडेल होतं, कारण त्यात नंतर इतर अटी घालायच्या होत्या. कॉलेजात शिकलो होतो की शॉर्टेस्ट पाथच्या ड्युअलमधली, म्हणजे मूळ मॉडेलच्या जोडीदार मॉडेलमधली, चलं म्हणजेच सुरुवातीपासूनची अंतरं. म्हटलं, सॉल्व्हर ड्युअल किमती फुकट देतोच आहे, तर तक्त्यासाठी वेगळा प्रोग्राम कशाला लिहायचा? हा आळस अंगाशी आला.

खरं जाळं मोठं होतं. त्यातला गुंता जेवढ्यात दिसेल तेवढंच मी कागदावर उतरवलं. सहा नोड, नऊ एकेरी रस्ते, आकडे मिनिटांत.

```python
import numpy as np
from scipy.optimize import linprog

arcs = [(1,2,4),(1,3,2),(3,2,1),(2,4,5),(3,4,8),
        (4,5,3),(2,5,10),(1,6,7),(6,5,9)]
A = np.zeros((6, len(arcs)))
for k, (i, j, c) in enumerate(arcs):
    A[i-1, k] = -1
    A[j-1, k] = 1
b = [-1, 0, 0, 0, 1, 0]
r = linprog([c for _, _, c in arcs], A_eq=A[1:], b_eq=b[1:])
print(r.fun, r.eqlin.marginals)
```

नोड १ वरून एक गाडी सोडायची, ती ५ वर पोचली पाहिजे, मधल्या प्रत्येक नोडवर जेवढं आत आलं तेवढं बाहेर. नोड १ ची ओळ मी मुद्दाम गाळली आहे. सगळ्या ओळींची बेरीज शून्य होते, म्हणजे एक ओळ फालतू असते. ती गाळली की १ चं लेबल, म्हणजे त्याच्या ओळीची ड्युअल किंमत, ० धरल्यासारखं होतं. चिन्हांचा घोळ आधीच घालून झाला होता: पहिल्यांदा "बाहेर वजा आत" असं लिहिलं होतं, तेव्हा सगळी लेबलं उणे आली होती.

उत्तर ११. वाट १→३→२→४→५. आणि २ ते ६ या नोडांची लेबलं क्रमाने ३, २, ८, ११, २. तोच शेवटचा २. (तुमच्याकडे तिथे ७ येऊ शकेल. का, ते पुढे येईल.)

मग ड्युअल हाताने लिहून पाहिला, आणि इथेच माझी समज किती वरवरची होती ते कळलं. प्रत्येक नोडवर एक आकडा y लिहायचा. अट एकच: i पासून j पर्यंत c मिनिटांचा रस्ता असेल तर y_j − y_i ≤ c. आणि या अटीत राहून y_5 − y_1 जास्तीत जास्त करायचं. संपलं. यात "y_6 म्हणजे ६ पर्यंतचं अंतर" असं कुठेही म्हटलेलं नाही. उद्दिष्टात y_6 येतच नाही!

तरी y_5 − y_1 बरोबर का येतं? कुठलीही वाट घ्या, तिच्यावरच्या रस्त्यांच्या अटींची बेरीज करा. मधली सगळी लेबलं एकमेकांना खातात, उरतं फक्त y_5 − y_1, आणि ते त्या वाटेच्या वेळेपेक्षा जास्त असू शकत नाही. १→२→५ घेतली तर १४, आणि ११ ≤ १४. म्हणजे अटीत बसणारी कुठलीही लेबलं वाटेच्या वेळेला खालून मर्यादा घालतात, आणि खालची मर्यादा ११ वर नेऊन ठेवली की ११ ची वाट सगळ्यांत लहान आहे हे सिद्ध झालं. पुरावा पूर्ण. ६ चं लेबल या पुराव्यात जेमतेम सांभाळायचं असतं. दोन अटी: ७ पेक्षा जास्त नको (१→६ मुळे), आणि ११ − y_6 हे ९ पेक्षा जास्त नको (६→५ मुळे), म्हणजे २ पेक्षा कमी नको. २ ते ७ मधला कुठलाही आकडा सॉल्व्हरला सारखाच.

हे डोक्यात बसलं, पण हाताला बसलं ते दोऱ्याने. शॉर्टेस्ट पाथ दोऱ्याने काढता येतो ही कल्पना गणितज्ञ जॉर्ज मिंटी यांनी १९५७ सालीच छापली होती. मी घरातला पुडा बांधायचा दोरा घेतला, एका मिनिटाला ५ सेंटीमीटर धरलं आणि नऊ तुकडे गाठींनी जोडले. गाठ मारताना दोरा खपतो, म्हणून लांबी गाठीपासून गाठीपर्यंत मोजायची. पहिल्या वेळी हे विसरलो आणि सगळं आखूड झालं. दोऱ्याला एकेरी-दुहेरी कळत नाही, पण या आकड्यांना त्याने फरक पडत नाही, ते आधी तपासून घेतलं.

टेबलावर गाठ १ एका हाताने दाबली आणि गाठ ५ दुसऱ्या हाताने ओढली. १-३-२-४-५ ताठ झालं, टोकांत ५५ सेंटीमीटर. ड्युअलची अट म्हणजे हेच की दोन गाठी त्यांच्यामधल्या दोऱ्यापेक्षा लांब जाऊ शकत नाहीत. ओढणं म्हणजे y_5 − y_1 वाढवणं. बाकीचे दोरे ढिले पडले, आणि किती ढिले तेही मोजता आलं: १-२ मध्ये एका मिनिटाचा ढिलेपणा, ३-४ मध्ये दोन, २-५ मध्ये दोन. पुस्तकातली रिड्यूस्ड कॉस्ट ती हीच, c + y_i − y_j. वापरलेला दोरा ताठच असतो आणि ढिला दोरा वापरात नसतो. कॉम्प्लिमेंटरी स्लॅकनेस हे नाव ऐकून मी वर्षानुवर्षं घाबरत होतो!

आणि गाठ ६? ती टेबलावर लोळत होती. बोटाने पुढे सरकवली, मागे सरकवली, बाकी एकही गाठ हलली नाही. १ कडे सरकवत नेली तर दोन मिनिटांच्या खुणेवर ६-५ ताठ होतो. ५ कडे नेली तर सातवर १-६ ताठ होतो. सॉल्व्हरने जो आकडा दिला तो असा की त्याने गाठ मागे ढकलून सोडून दिली होती.

त्यालाही कारण आहे. सॉल्व्हरच्या सिम्प्लेक्स पद्धतीत प्रत्येक उत्तरामागे रस्त्यांचा एक संच असतो, त्याला बेसिस म्हणतात. इथे त्यात पाच रस्ते लागतात, सहा नोडांना जोडणारं एक झाड. वाटेवर चारच रस्ते आहेत. पाचवा रस्ता ६ ला झाडाशी जोडण्यापुरता येतो आणि त्यावरून शून्य गाड्या जातात. तो १→६ असला तर लेबल ७, ६→५ असला तर २. दोन्ही बेसिस इष्टतम, कुठला हाती लागेल हे सॉल्व्हरच्या वाटचालीवर. इंटिरिअर पॉइंट पद्धत कोपऱ्यावर न आणता तशीच सोडली, तर ती मधोमध ४.५ कडे जाते. तो आकडा तर कुणाच्याच कामाचा नाही.

इथे दुसरा एक खड्डा आहे, त्यातून मी थोडक्यात वाचलो. लेबल २ असताना ६→५ ची रिड्यूस्ड कॉस्ट शून्य येते. ते पाहून "हा रस्ता थोडा सुधारला तरी लगेच फायदा" असं मी लिहायच्या बेतात होतो. पण तेव्हा १→६ ची ५ असते. लेबल ७ घेतलं की उलटं, १→६ शून्य आणि ६→५ पाच. बेरीज दोन्ही वेळी ५, कारण ६ वरून जाणारी वाट १६ मिनिटांची आहे आणि आपली ११ ची. म्हणजे ६→५ नऊवरून चारच्या खाली आल्याशिवाय काहीही बदलणार नाही. वाटेबाहेरच्या एकाच रस्त्याची रिड्यूस्ड कॉस्ट सुटी वाचू नये, सबंध वाटेवर बेरीज करून वाचावी.

दुरुस्ती दोऱ्यानेच सुचवली. गाठ १ खिळ्याला अडकवली आणि बाकी सगळं खाली सोडून दिलं, प्रत्येक गाठीला एकेक नट बांधून. आता ५ ला कोणी ओढत नव्हतं, प्रत्येक गाठ आपापल्या वजनाने जमेल तेवढी खाली गेली. ६ सातवर जाऊन लटकली, ३५ सेंटीमीटर. अंतर म्हणजे अटीत बसणाऱ्या लेबलांपैकी प्रत्येक नोडवरचं सगळ्यांत मोठं लेबल, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

कोडमध्ये नट बांधणं म्हणजे एका ओळीचा बदल:

```python
b = [-5, 1, 1, 1, 1, 1]
```

१ वरून पाच गाड्या सोडायच्या, प्रत्येक नोडला एक. ड्युअलमध्ये आता सगळ्या लेबलांची बेरीज वाढवायची असते, त्यामुळे y_6 ला लोळायला जागाच उरत नाही. १→३ वरून चार गाड्या गेल्या, ३→२ वरून तीन, २→४ वरून दोन, ४→५ आणि १→६ वरून एकेक. खर्च ३१, आणि लेबलं ३, २, ८, ११, ७, त्यांची बेरीजही ३१. झाडाच्या पाचही रस्त्यांवर आता गाड्या आहेत, म्हणून ड्युअलचं उत्तर एकच.

मोठ्या जाळ्यावर हे चालवलं तर सॉल्व्हर म्हणाला, इन्फीझिबल. काही नोड असे निघाले की तिथून रस्ते फक्त बाहेर पडत होते, आत जाणारा एकही नव्हता. डेटा भरताना वन-वेची दिशा उलटी पडली होती. अशा नोडाला गाडी पोचवा म्हटलं तर पोचणार कशी? ड्युअलमध्ये पाहिलं तर त्या नोडाच्या लेबलाला वरून कुठलीच अट अडवत नाही, ते हवं तेवढं वाढतं. जुन्या मॉडेलमध्ये हे कधीच उघडं पडलं नसतं, त्याने तिथेही एखादा आकडा देऊन टाकला असता.

सुधारलेला तक्ता पाठवून मी डेपोवर फोन केला. "आता सहा नंबर सात मिनिटं आलंय ना?"

"आलंय साहेब. पण सातात पण नाही होत, मधे शाळा आहे. नऊ धरा."

१→६ चा खर्च ७ चा ९ केला आणि पुन्हा चालवलं. ६ चं लेबल ९ झालं, बाकी एकही आकडा हलला नाही.