१२ एमएम प्लेट आणि माझं गॅस कटिंग

उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशन शॉपात मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. उसाच्या ट्रॉलीच्या हुकासाठी १२ एमएमच्या प्लेटीतून पट्ट्या कापायच्या होत्या, एकेक ३०० एमएम लांब. वेल्डिंग येत होतं म्हणून वाटलं कटिंग काय, टॉर्चची लिव्हर दाबली की झालं. पहिलीच पट्टी अर्ध्यात अडकली, वरनं कापल्यासारखी दिसते पण खाली जोडलेलीच, आणि ठिणग्या सगळ्या माझ्या अंगावर.

मिस्त्री आला आणि आधी फ्लेम बघितली. मी ॲसिटिलीन पेटवून ऑक्सिजन हळूहळू वाढवत आतल्या निळ्या सुळक्याभोवतीची पांढरी पिसासारखी झाक घालवली होती, म्हणजे फ्लेम न्यूट्रल झाली, दोन्ही गॅस बरोबर जुळले असं मला वाटलेलं. तो म्हणाला, "लिव्हर दाबून बघ की आधी." दाबली तर ती झाक परत आली! कटिंगचा ऑक्सिजन सुटला की प्रीहीटच्या, म्हणजे आधी प्लेट तापवणाऱ्या फ्लेमकडच्या ऑक्सिजनचं प्रेशर थोडं पडतं, त्यामुळं शेवटचं सेटिंग लिव्हर दाबूनच करायचं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग प्रीहीट. सुळक्याचं टोक प्लेटीच्या कडेपासून दोन-तीन एमएम वर धरायचं, टेकवलं तर पट्ट करून बॅकफायर होतो (माझा दोनदा झाला, काळजात धस्स होतं). कड नुसती लाल झाली की मी लिव्हर दाबत होतो, तिथंच चुकत होतं. चकचकीत केशरी लाल होऊ द्यायची, साधारण ९०० डिग्रीच्या आसपास, कारण लोखंड वितळवून नाही तर ऑक्सिजनमध्ये जाळून कापलं जातंय, आणि त्याच्या आधी ते पेटतच नाही. गंज आणि पपडीपण घासून काढली, नाहीतर गरम व्हायला उगाच वेळ जातो.

खरी मारामारी स्पीडची. घाई केली की ठिणग्या खाली जायच्या ऐवजी मागं वळतात, कापलेल्या बाजूवरच्या रेघा तिरक्या ओढल्या जातात आणि शेवटी खालची बाजू सुटतच नाही. तर घाबरून फार हळू गेलो तेव्हा वरची कड वितळून गोल झाली आणि खाली स्लॅगचा, म्हणजे जळलेल्या लोखंडाच्या मळीचा थर घट्ट बसला. "गडबड नको आणि झोपू पण नको, ठिणग्या खाली सरळ पडालेत काय तेवढं बघ," मिस्त्री म्हणाला. मग एक अँगल प्लेटीवर क्लॅम्प करून टॉर्चला त्याचा आधार दिला, हात थरथरायचा थांबला, ३०० एमएमला पाऊण मिनिटाच्या आसपास लागलं.

पहिल्या पट्टीवर ग्राइंडर अर्धा तास चालवलेला. तिसरीची स्लॅग चिपिंग हॅमरच्या दोन टोल्यांत पडली, रेघा जवळजवळ उभ्या.