देल्फ बी-२ची श्रवण परीक्षा: प्रश्न वाचण्यापासून टिपणापर्यंत माझा अनुभव

फ्रान्समधील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचा म्हणून मी पुण्यात देल्फ बी-२ ही फ्रेंच भाषेची परीक्षा दिली. वाचन, लेखन आणि संभाषण या तीन विभागांची तयारी वर्गात नीट होत होती. श्रवणाच्या विभागाची मात्र वेगळी पद्धत बसवावी लागली. कारण या विभागात भाषा येणे आणि उत्तर देता येणे यांत बरेच अंतर असते. ध्वनिमुद्रण आपल्यासाठी थांबत नाही, आणि ऐकणे, लक्षात ठेवणे, पर्याय वाचणे व खूण करणे ही चारही कामे एकाच वेळी अंगावर येतात. ती कामे एकमेकांपासून वेगळी कशी काढायची, हे मला सरावातून जे उमगले ते इथे लिहीत आहे.

आधी परीक्षेचे स्वरूप सांगतो. श्रवणाचा विभाग सुमारे अर्ध्या तासाचा आणि २५ गुणांचा असतो. त्यात तीन भाग असतात. पहिल्या दोन भागांत रेडिओवरची मुलाखत, चर्चा किंवा तत्सम मोठा उतारा प्रत्येकी दोनदा ऐकवतात आणि त्यांना ९-९ गुण असतात. तिसऱ्या भागात तीन लहान उतारे असतात. ते एकदाच ऐकवतात आणि त्या भागाला ७ गुण असतात. प्रश्न बहुपर्यायी असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण १००पैकी ५० गुण लागतात, पण कोणत्याही एका विभागात ५पेक्षा कमी गुण मिळाले तर एकूण बेरीज पुरेशी असूनही उपयोग होत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही.

ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो. माझ्या मते सर्वांत जास्त गुण या थोड्या वेळात ठरतात. बहुतेक विद्यार्थी तो वेळ प्रश्न आणि सर्व पर्याय वरपासून खालपर्यंत वाचण्यात घालवतात, आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचण्याआधीच निवेदकाचा आवाज सुरू होतो. मी पर्यायांना हात लावण्याआधी केवळ प्रश्नांची वाक्ये वाचत असे आणि प्रत्येकात दोनच गोष्टींखाली रेघ ओढत असे. पहिली गोष्ट म्हणजे मत कोणाचे विचारले आहे. ‘सलाँ’ म्हणजे ‘अमुक यांच्या मते’ या शब्दापुढे पाहुण्याचा उल्लेख आहे, निवेदिकेचा आहे की एखाद्या सर्वेक्षणाचा, हे पाहणे आवश्यक असते; कारण उताऱ्यात तिन्हींची मते येतात आणि चुकीचे पर्याय बहुधा दुसऱ्याच कोणाच्या मतावरून तयार केलेले असतात. दुसरी गोष्ट म्हणजे काय विचारले आहे: कारण, परिणाम, उपाय की भूमिका. कारण विचारले असेल तर कान ‘पार्स क’ किंवा ‘पुइस्क’ यांच्या मागावर ठेवता येतो, आणि उपाय विचारला असेल तर ‘इल फोद्रे’ म्हणजे ‘करायला हवे’ या रचनेकडे.

एवढे झाल्यावर वेळ उरला तर पर्यायांकडे वळायचे, पण त्यांचे मनात भाषांतर करायचे नाही. तीन पर्याय बहुधा एकाच वाक्यरचनेत असतात आणि त्यांत फरक करणारा शब्द एखादाच असतो. त्याच शब्दाभोवती वर्तुळ काढायचे. प्रश्नांचा क्रम साधारणपणे उताऱ्याच्या क्रमाने चालतो, हेही या वाचनात उपयोगी पडते. मुलाखत असेल तर निवेदिकेचा प्रत्येक नवा प्रश्न हा मैलाचा दगड समजावा. तिने विषय बदलला आणि आपण अजून आधीच्या प्रश्नातच अडकलेलो असलो, तर तो प्रश्न तिथेच सोडून पुढे जावे. दुसऱ्या वेळी ऐकताना त्याच्याकडे परत येता येते. शेवटचा प्रश्न काही वेळा वक्त्याच्या एकूण भूमिकेबद्दल असतो: आशावादी, साशंक की विरोधी. त्याचे उत्तर एका वाक्यात सापडत नाही, म्हणून तो प्रश्न आधीच माहीत असणे फार उपयोगाचे.

आता टिपणाविषयी. आमच्या शिक्षिकांनी सरावासाठी स्वतः एक मुलाखत तयार केली होती. विषय होता वापरलेल्या कपड्यांची फेरविक्री. निवेदिका विचारते की जुने कपडे विकत घेणे पर्यावरणासाठी खरोखरच चांगले आहे का. पाहुणी समाजशास्त्रज्ञ आहे. ती म्हणते, ‘सेर्त’, म्हणजे हे मान्यच आहे, की फेरविक्रीतला सदरा नव्या सदऱ्यापेक्षा कमी प्रदूषण करतो आणि अॅपमुळे हे सारे सोपे झाले आहे. ‘मे’, म्हणजे पण, विकणाऱ्याच्या हातात आलेला पैसा लगेच पुढच्या खरेदीत जातो. पार्सलांच्या वाहतुकीबद्दल लोक नेहमी बोलतात. तो प्रश्न खरा आहे, पण मुद्दा तिथे नाही. शेवटी ती म्हणते की फेरविक्री सोडून द्या असे माझे म्हणणे नाही, आपण किती कपडे घेतो हे आधी पाहायला हवे.

प्रश्न होता: पाहुणीच्या मते या बाजाराची मुख्य मर्यादा कोणती? पर्याय असे: (अ) मालाच्या वाहतुकीने प्रदूषण होते, (ब) खरेदीची इच्छा कायम राहते, (क) कपड्यांचा दर्जा घसरतो. वाहतुकीचा शब्द उताऱ्यात स्पष्ट ऐकू येतो आणि पर्यायातही तोच शब्द असतो, त्यामुळे ज्याने तुटक ऐकले तो (अ)वर खूण करतो. ‘खरेदीची इच्छा’ हे शब्द मुलाखतीत कुठेच नाहीत, पण पैसा लगेच पुढच्या खरेदीत जातो या वाक्याचा अर्थ तोच आहे. बी-२ पातळीवर योग्य उत्तर बहुधा अशा वेगळ्या शब्दांत येते. म्हणून ऐकलेला शब्द एखाद्या पर्यायात जसाच्या तसा दिसला की मी तो पर्याय बाद करत नसे, पण तो शब्द वक्त्याने कोणत्या भूमिकेतून उच्चारला, हे तपासल्याशिवाय त्यावर खूणही करत नसे.

या उताऱ्यावरचे माझे टिपण एवढेच होते:

प्र. २ | सेर्त: प्रदूषण ↓
मे → पैसा → पुन्हा खरेदी ↑
पार्सल: खरे, मुख्य ✗
सोडा? ✗ → किती?

डाव्या बाजूला प्रश्नाचा क्रमांक, मध्ये जोडशब्द आणि बाण, बाकी दोन-चार शब्द, तेही मराठी किंवा फ्रेंच, जे आधी हाताला येतील ते. देवनागरीत लिहिण्याचा मला एक फायदा झाला: अनोळखी शब्द कानावर पडला की त्याचे फ्रेंच स्पेलिंग आठवण्यात वेळ न घालवता ध्वनी जसाच्या तसा उतरवता येतो आणि नंतर पर्यायात तो ओळखता येतो. टिपणात वाक्ये लिहू नयेत, याचे कारण साधे आहे: एक वाक्य लिहीपर्यंत वक्त्याची दोन वाक्ये पुढे गेलेली असतात. आपण जास्त लिहीत आहोत की नाही, हे कागदावरूनच कळते. पहिल्या दोन प्रश्नांपुढे भरगच्च मजकूर आणि शेवटच्या दोन प्रश्नांपुढे काहीच नाही, असे दिसले तर हात कानाच्या पुढे धावत आहे असे समजावे. नावे आणि आकडे प्रश्नात विचारले नसतील तर तेही सोडून द्यावेत. ‘सेर्त’, ‘मे’, ‘सपाँदाँ’, ‘आँ रवाँश’ हे शब्द मात्र कधीही सोडू नयेत, कारण वक्ता दुसऱ्याचे म्हणणे मान्य करून स्वतःच्या मताकडे वळतो तो नेमका याच ठिकाणी.

दोनदा ऐकवल्या जाणाऱ्या भागांत मी कामाची विभागणी केली होती. पहिल्या वेळी टिपण जवळजवळ नाहीच. सांगाडा समजून घ्यायचा, खात्री असेल तिथे खूण करायची, आणि दोन पर्यायांत अडकलो असेन तिथे दोन्हींपुढे टिंब द्यायचे. मधल्या वेळेत फक्त टिंबांचे प्रश्न पुन्हा वाचायचे. दुसऱ्या वेळी बारकाईचे टिपण त्याच प्रश्नांसाठी करायचे. सर्व प्रश्नांसाठी दोन्ही वेळा सारखेच लिहीत बसले की दुसऱ्या वेळी ऐकण्याचा फायदा हातचा जातो.

तिसऱ्या भागात हे चालत नाही. उतारे लहान, प्रत्येकावर प्रश्न मोजकेच, आणि ऐकायला एकच संधी. इथे मी पर्यायही आधी वाचत असे आणि पेन टेकवतच नसे; नजर प्रश्नांवर ठेवायची, ऐकता ऐकता पर्याय बाद करायचे, आणि उतारा संपताच उत्तर ठरवून मोकळे व्हायचे. एका उताऱ्याचा विचार डोक्यात राहिला तर पुढच्याचे पहिले वाक्य निसटते, आणि विषय काय आहे हे बहुधा पहिल्याच वाक्यात सांगितलेले असते.

अर्थात ही सारी पद्धत कान तयार असेल तरच उपयोगी पडते. फ्रेंच लोक बोलताना नकारातला ‘न’ सर्रास गाळतात आणि ‘पा’ एवढाच नकार उरतो. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य पुस्तकात ‘ज न से पा’ असते आणि रेडिओवरच्या मोकळ्या गप्पांत ‘श्से पा’ होते. तो ‘पा’ निसटला की उत्तर उलटते. यासाठी मी फ्रान्स एद्युकास्याँ आँतेरनास्योनाल या संस्थेच्या संकेतस्थळावरील नमुना प्रश्नपत्रिका सोडवत असे आणि उत्तरे तपासल्यावर उताऱ्याची संहिता समोर ठेवून प्रत्येक चुकीपुढे कारण लिहीत असे: शब्द ऐकूच आला नाही, शब्द ऐकला पण नकार निसटला, की सारे कळूनही ओळखीच्या शब्दामागे गेलो. पहिल्या दोन प्रकारच्या चुकांना रोजचे ऐकणे हाच इलाज आहे, आणि त्यासाठी आर. एफ. आय. या फ्रेंच रेडिओचे सोप्या फ्रेंचमधले बातमीपत्र सुरुवातीला आणि फ्रान्स आँतेर या रेडिओ केंद्रावरच्या मुलाखती नंतर, असा क्रम मला मानवला. तिसऱ्या प्रकारच्या चुका मात्र वर सांगितलेल्या रेघा आणि जोडशब्दांच्या टिपणानेच कमी झाल्या.

शेवटच्या टप्प्यात मी इअरफोन काढून ठेवले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या स्पीकरवरून, पंखा चालू ठेवून, मध्ये एकदाही न थांबवता सराव केला. कारण आमच्या केंद्रावर ध्वनिमुद्रण साऱ्या खोलीसाठी एकाच स्पीकरवरून लावले गेले, आणि कानाजवळ स्वच्छ ऐकू येणारी टोकाची व्यंजने तिथे बरीच पुसट झाली होती.