नाकात स्प्रे सरळ मारला आणि दोन महिने वाया घालवले

सौदा चालू असताना कोणी खाकरलं की दहा जण मान वर करतात. मी लातूरच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानावर मुनीम आहे आणि मागच्या दिवाळीपासून माझं खाकरणं थांबतच नव्हतं. एक खरेदीदार तर सरळ म्हणाला, "मुनीमजी, भाव पटत नसला तर तोंडानं सांगा की." घरी बायको म्हणायची, "सारखं काय खाकरू लालाव?"

टाळूच्या मागे कुणीतरी ओला दोरा लटकवून ठेवलाय असं वाटायचं. खाकरून बाहेर काही येत नसे, गिळून तो खाली उतरत नसे. सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त. खोकल्याच्या तीन बाटल्या झाल्या, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. त्यातच चार महिने गेले. छातीत काही नव्हतंच, कफ वरून, नाकाच्या मागून घशात उतरत होता.

मग फेब्रुवारीत एका मोठ्या रुग्णालयाच्या नाक-कान-घसा ओपीडीत गेलो. केसपेपरच्या रांगेत आठला उभा राहिलो. आत जायला साडेबारा वाजले, मधे डॉक्टर ऑपरेशनला गेले म्हणून तासभर नुसताच बाकडा. आत गेलो तेव्हा डॉक्टरांनी लाइट मारून नाक बघितलं, "अ‍ॅलर्जी आहे, मागे गळतंय" म्हणाले आणि नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे लिहून दिला. माझ्या घड्याळात दीड मिनिट. स्प्रे कसा मारायचा हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मेडिकलवाला म्हणाला, "दोन्हीकडं दोन-दोन, रोज सकाळी."

मी काय केलं? मान मागे टाकली, नळी सरळ वर खुपसली, दाबलं आणि जोरात ओढलं. औषध थेट घशात, तोंड कडू. चौथ्या दिवशी डाव्या नाकपुडीतून रक्ताचा थेंब आला. आठव्या दिवशी बाटली कपाटात. औषधच बेकार, असा निकालही मी देऊन टाकला. मग त्याच मेडिकलवाल्यानं नाक मोकळं करायचे थेंब दिले. काय सांगू, पाच मिनिटांत नाक मोकळं! बाटली खिशातच ठेवायला लागलो. तीन आठवडे झाले तेव्हा दर तीन तासांनी थेंब टाकले नाहीत तर दोन्ही नाकपुड्या ठप्प, तोंडानं श्वास, घसा कोरडा, खाकरणं दुप्पट.

एप्रिलमध्ये पुन्हा तीच रांग, तोच बाकडा. यावेळी शेजारच्या खोलीतल्या शिकाऊ डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. स्प्रेची बाटली सोबत होती. त्या म्हणाल्या, "मारून दाखवा." मी दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, नाकाची वाट वर जात नाही, मागे जाते."

त्यांनी मान थोडी खाली करायला लावली. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा. नळीचं टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेर, त्याच बाजूच्या कानाच्या रोखानं. मी पडद्यावरच औषध मारत होतो, म्हणून तिथली त्वचा सोलून रक्त आलं होतं. दाबताना श्वास हळूच घ्यायचा, अत्तराचा वास घेतो तसा. औषध घशात कडू लागलं तर समजायचं की जास्त ओढलं. नवी बाटली असेल तर हलवून बारीक फवारा येईपर्यंत हवेत दाबायची, हेही मला तेव्हा कळलं. आणि हा स्प्रे थेंबांसारखा पाच मिनिटांत नाक मोकळं करत नाही, रोज मारला तर पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात. मी आठव्या दिवशी सोडला होता. थेंब त्यांनी बंदच केले. ते तीन-चार दिवसांच्या वर टाकले की त्यांचा असर उतरल्यावर नाक उलट जास्त सुजतं, आणि तेच माझं झालं होतं.

हे दाखवायला त्यांना चार मिनिटं लागली. फेब्रुवारीतच कोणी ही चार मिनिटं दिली असती तर, हा राग अजून गेलेला नाही.

मॅडमनी काही प्रश्नही विचारले: एकाच बाजूनं गळतं का, आवाज बसून तीन आठवडे झालेत का, गिळताना अडकतं का, वजन कमी झालंय का. माझं सगळ्याला नाही होतं. यातलं एक जरी हो असेल तर स्प्रेवर वेळ काढू नका, आधी तपासून घ्या.

मिठाच्या पाण्यानं नाक धुण्याचं राहिलंच. स्प्रेच्या आधी ते करायचं, नंतर केलं तर औषधच धुऊन जातं. पाणी उकळून कोमट केलेलं, नळाचं किंवा बोअरचं थेट कधीच नाही. अर्धा लिटर पाण्याला एका सपाट छोट्या चमच्यापेक्षा किंचित कमी मीठ, आयोडीन नसलेलं, आणि चिमूटभर खायचा सोडा. मी सुरुवातीला मीठ अंदाजानं कमी टाकलं, तर विहिरीत उडी मारल्यावर नाकात पाणी जाऊन जसं झोंबतं तसं झोंबलं. मीठ बरोबर पडलं की झोंबत नाही, ही त्याची खूण. आता मेडिकलमधल्या तयार पुड्या वापरतो. बेसिनवर वाकायचं, मान तिरकी करायची, तोंड उघडं ठेवून तोंडानंच श्वास घ्यायचा. वरच्या नाकपुडीत मिठाच्या पाण्याची बाटली दाबली की पाणी खालच्या नाकपुडीतून येतं. नंतर जोरात शिंकरू नका, कानात दडे बसतात. सासूबाईंना हे पाणी वाया घालवणं वाटतं. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, त्यांना कोण समजावणार.

एक ध्यानात ठेवा, धुतल्यावर दोन-तीनदा खाली वाकून घ्या. मी घेतलं नाही आणि दुकानात पायातली चप्पल सरळ करायला वाकलो तर नाकातलं उरलेलं पाणी थेट खतावणीवर. शेतकऱ्याच्या नावाची शाई पसरली. रात्री झोपायच्या निदान तासभर आधी धुवायचं तेही याचसाठी.

झोपायचं म्हणाल तर दोन उशांनी फक्त मान मोडते. मी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या, सहा इंच. पलंगच उतरता झाला. आठवड्याभरात सकाळचा दोरा बारीक झाला.

खाकरण्याची सवय मात्र स्प्रेनं गेली नाही. खाकरलं की घशाला इजा होते, इजा झाली की पुन्हा काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. मॅडमनी सांगितलं, खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या आणि जोर लावून गिळा. गल्ल्यावर तांब्या ठेवला. पहिला आठवडा फार अवघड गेला.

आणि मूळ कारण? मी तुरीला दोष देत होतो, पण त्रास सुरू झाला तो सोयाबीनच्या आवकेत, पोती उपसताना उडणाऱ्या भुशीनं. घरी पेटीतली गोधडी काढली की रात्री जास्त व्हायचं, ती आता गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकतो. मोंढा काही सोडता येत नाही. त्या दिवसांत मास्क लावायचा आणि स्प्रे आवकेच्या दोन आठवडे आधी सुरू करायचा, असं ठरलंय. आमच्याकडे सोयाबीन दसऱ्याच्या आसपास येतं. म्हणून पितृपक्षातच बाटली आणून ठेवणार आहे.