तुम्ही विचारलंत म्हणून: खणातलं गाणं

‘तुमच्या त्या गाण्यात लहानपणच्या घरातल्या वस्तूंची नुसती यादी आहे. मग ते कुठे संपवायचं, हे कसं ठरवलंत?’

खरी पंचाईत तीच. गोष्टीत काहीतरी घडतं म्हणून ती संपते. वस्तू मात्र एकामागून एक कितीही काढता येतात. म्हणून मी आधीच दोन अटी घातल्या. टेबलाच्या एका खणात मावेल तेवढंच घ्यायचं आणि क्रियापद वापरायचं नाही.

किल्ली एकच, कुलूप कुठले
बटण निळेसे, दोरा तुटका
पेन्सिल छोटी बोटाइतकी
खणात इतके, अजून इतके

ओळ 16 मात्रांची, आठ-आठचे दोन भाग. केरव्यात बसवली की पहिल्या आवर्तनात वस्तू येते आणि दुसऱ्यात तिचं काहीतरी अधुरेपण. किल्ली समेवर पडते नि ऐकणारा कुलपाची वाट बघू लागतो. नुसती नावं घेतली तर सामानाची मोजदाद होते. दोरा तुटकाय एवढं कळलं, की बटण कुणाच्या शर्टाचं हे तो आपणहून शोधायला लागतो. ‘हळवी’, ‘सोनेरी’ असली विशेषणं इथे घात करतात, कारण ती शोधायला काही ठेवतच नाहीत. आजोबांचा चष्मा मी याच कारणाने काढून टाकला. तो यादीत येतो तोच डोळे पुसत.

यमकही टाळलं. यमकासाठी आणलेली वस्तू लगेच ओळखू येते. ती त्या घरात कधी नव्हतीच, हे कानाला कळतं.

आता शेवट.

भिंतीवरती पेन्सिल-रेघा
रेघ थांबली खांद्याखाली

दोन्ही अटी इथे एकदम मोडतात. भिंत खणात मावत नाही आणि ‘थांबली’ हे अख्ख्या गाण्यातलं एकमेव क्रियापद. उंची मोजणं कधीतरी बंद पडलं. का, ते गाणं सांगत नाही. पण हे लागू पडायला पेन्सिल आधी येऊन गेलेली हवी. मी ओळींची अदलाबदल करून पाहिली. किल्ली आणि बटण कुठेही चालतात, पेन्सिल चालत नाही. रेघांच्या अगदी आधीच्या ओळीत ठेवली तर कोड्याचं उत्तर शेजारी लिहिल्यासारखं वाटतं. म्हणून तिच्यानंतर ध्रुवपद आणि आणखी एक अंतरा जाऊ दिला. तेवढ्यात ती विसरलीही जात नाही आणि डोळ्यांसमोरही राहत नाही.

संगीतकाराला शेवटी पुन्हा ध्रुवपद हवं होतं. चालीच्या दृष्टीने त्याचं म्हणणं बरोबरच होतं, गाणं घरी परतल्यासारखं वाटलं असतं. मी नको म्हटलं. भिंतीवरच्या रेघा दाखवून झाल्यावर ‘खणात इतके’ म्हणणं हे सरळसरळ खोटं आहे.