u, v, f ची चिन्हं: मामेबहिणीला ऑप्टिक्सच्या स्लाइड्स समजावताना

माझी मामेबहीण यंदा एफवायबीएस्सीला आहे. तिने ऑप्टिक्सच्या स्लाइड्सची पीडीएफ पाठवली आणि म्हणाली, "दादा, फॉर्म्युले सगळे पाठ आहेत रे, पण उत्तराचं चिन्हच उलटं येतं." पीडीएफ उघडली तर लगेच कळलं घोळ कुठे आहे ते. आधी मिररला 1/v + 1/u = 1/f, मग लेन्सला 1/v − 1/u = 1/f, आणि पुढे एका स्लाइडवर लेन्सलाच 1/u + 1/v = 1/f. तिन्ही बरोबर आहेत बरं का, फक्त शेवटचा फॉर्म्युला वेगळ्या कन्व्हेन्शनचा आहे आणि ते तिथे लिहिलेलंच नव्हतं.

म्हणून पहिल्यांदा तेच धरलं. आपण शाळेपासून वापरतो ती कार्टेशियन पद्धत, म्हणजे सगळी अंतरं पोलपासून किंवा लेन्सच्या मध्यापासून मोजायची, येणारा प्रकाश ज्या दिशेने चाललाय त्या दिशेने मोजलं तर प्लस, उलट मोजलं तर मायनस. दुसरी पद्धत आहे 'रिअल इज पॉझिटिव्ह', तिच्यात दिशा बघायचीच नाही, वस्तू किंवा प्रतिमा खरी असेल तर प्लस, आभासी असेल तर मायनस, आणि त्या पद्धतीत लेन्स आणि मिरर दोघांनाही मधे प्लसच येतो. गडबड होते ती एकीचा फॉर्म्युला आणि दुसरीची चिन्हं घेतली की. स्लाइडवरचा फॉर्म्युला कुठल्या पद्धतीचा हे ओळखायला मी तिला एकच टेस्ट दिली, वस्तू 2f वर ठेव, प्रतिमा पलीकडे 2f वरच यायला पाहिजे. कॉन्व्हेक्स लेन्स, f = +15 सेमी, u = −30. 1/v = 1/15 − 1/30 = 1/30, v = +30, जमलं. तीच चिन्हं त्या प्लसवाल्या फॉर्म्युल्यात घातली तर v = +10 येतं, म्हणजे प्रतिमा फोकसच्याही आत, आणि खऱ्या वस्तूची खरी प्रतिमा कॉन्व्हेक्स लेन्सच्या फोकसच्या आत कधी पडतच नाही, त्यामुळे मिसळ झालीय हे तिथल्या तिथे कळतं.

हे झालं तरी तिचा खरा प्रश्न राहिलाच होता. तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की v मायनस आलं की आभासी. हे कुठून आलं माहीत नाही, पण लेन्सची गणितं जास्त केली की असं होतं. मग मी मुद्दाम दोन्हीकडे तेच आकडे घेतले, फोकल लेंग्थ 15 आणि वस्तू 10 सेमीवर.

आधी कॉनकेव्ह मिरर. वस्तू समोर म्हणजे u = −10, फोकसही समोरच म्हणून f = −15. 1/v = 1/f − 1/u = −1/15 + 1/10 = 1/30, म्हणजे v = +30. मग कॉन्व्हेक्स लेन्स, u = −10, f = +15, 1/v = 1/f + 1/u = 1/15 − 1/10 = −1/30, v = −30. मॅग्निफिकेशन मिररला −v/u आणि लेन्सला v/u, दोन्हीकडे +3, म्हणजे प्रतिमा सुलटी आणि तिप्पट. आणि दोन्ही प्रतिमा आभासी आहेत! एकीचं v प्लस, एकीचं मायनस. ती बराच वेळ बघत बसली आणि मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे चिन्ह फक्त बाजू सांगतं?" अगदी बरोबर, चिन्ह फक्त बाजू सांगतं. खरी की आभासी हे ठरवायला अजून एक गोष्ट लागते, काम झाल्यावर प्रकाश कुठल्या बाजूला जातो. मिररवरून तो परत मागे फिरतो म्हणून मायनस बाजूची प्रतिमा खरी, लेन्समधून तो पुढे निघून जातो म्हणून प्लस बाजूची प्रतिमा खरी.

मग मिररची रे डायग्राम ग्राफ पेपरवर काढायला लावली, स्केल धरून. स्लाइडवरच्या आकृत्या अंदाजे काढलेल्या असतात, त्यात किरण एका बिंदूत मिळतात ते काढणाऱ्याने मिळवलेले असतात म्हणून. पोल शून्यावर, F −15 वर, C −30 वर, वस्तू −10 वर 1 सेमी उंच (उभं स्केल आडव्यापेक्षा मोठं घेतलं तरी चालतं, सरळ रेषा सरळच राहतात). मिरर कंपासने गोल नाही काढायचा, पोलमधून सरळ उभी रेघ मारायची. कारण फॉर्म्युला अक्षाजवळच्या किरणांसाठीच आहे, गोल कंस काढून उंच वस्तू घेतली तर तिन्ही किरण एका जागी भेटतच नाहीत, आणि ती हाताची चूक नसते, तेच स्फेरिकल अ‍ॅबरेशन.

पहिला किरण अक्षाला समांतर, 1 सेमी उंचीवर आपटून F मधून जाणारा. दुसरा F कडून आल्यासारखा, वस्तूच्या टोकावरून निघून 3 सेमी उंचीवर आपटतो आणि समांतर परततो. तिसरा C कडून आल्यासारखा, आल्या वाटेने परत. समोरच्या बाजूला हे तिघं पसरत जातात, भेटत नाहीत. म्हणून ते आरशाच्या मागे तुटक रेघांनी वाढवायचे, आणि तिन्ही रेघा बरोबर +30 वर, 3 सेमी उंचीवर भेटतात. गणितातलं v आणि m दोन्ही कागदावर पट्टीने मोजता आले, तिथे तिचा चेहरा खुलला.

तरी मधलं चिन्ह वेगळं का हा प्रश्न तिने विचारलाच, आणि फर्स्ट इयरला तो विचारायलाच हवा. तिच्याच स्लाइड्समधे एका गोलीय पृष्ठभागाचं समीकरण होतं, n₂/v − n₁/u = (n₂ − n₁)/R. परावर्तनात प्रकाश त्याच माध्यमात राहतो पण दिशा उलटते, म्हणून n₂ च्या जागी −n₁ घालायचं. मग −1/v − 1/u = −2/R, म्हणजे 1/v + 1/u = 2/R, आणि f = R/2 म्हणून हा मिररचाच फॉर्म्युला. लेन्सला मात्र प्रकाश पुढेच जात राहतो, अशी दोन पृष्ठभागांची समीकरणं मिळवली की मायनस तसाच राहतो.

शेवटच्या स्लाइडवर दोन लेन्सचं कॉम्बिनेशन होतं, आणि तिच्या वहीत लिहिलेलं होतं की कॉनकेव्ह लेन्सची प्रतिमा नेहमी आभासी. खऱ्या वस्तूसाठी हो. पण पहिल्या लेन्सने किरण गोळा करत आणलेत आणि ते जिथे भेटणार त्याच्या 10 सेमी आधीच कॉनकेव्ह लेन्स ठेवली, तर तिच्यासाठी वस्तू पलीकडच्या बाजूला आहे, u = +10. f = −15 घाल म्हटलं. 1/v = −1/15 + 1/10, v = +30. प्रकाश पुढे चाललाय, प्रतिमाही पुढे आहे, म्हणजे ती पडद्यावर पकडता येईल अशी खरी प्रतिमा. तिने वहीतलं 'नेहमी' खोडलं आणि तिथे 'u मायनस असेल तर' असं लिहिलं.