वर्षाच्या मध्येच परदेशी जाताना शाळेचा दाखला : माझा अनुभव

डिसेंबरात आम्ही नागपूर सोडून मस्कतला आलो. मुलगी सहावीत, राज्य मंडळाच्या खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. व्हिसा, तिकिटं, घर रिकामं करणं हे सगळं रीतसर झालं. अडलं ते फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी, म्हणजे टीसीपाशी. त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

शाळेच्या ऑफिसातल्या बाबूंना मी सांगितलं, वर्षाच्या मध्येच जातोय, टीसी हवी. ते म्हणाले, "ताई, जिथे जाऊन राहिले तिथल्या शाळेचं मागणीपत्र आणा ना. त्याशिवाय टीसी नाही निघत."

आपल्याकडे एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना हीच पद्धत असते. नवी शाळा मागणी करते, जुनी शाळा दाखला देते आणि ऑनलाइन नोंदीतही मुलाचं नाव इकडून तिकडे जातं. मस्कतच्या भारतीय शाळेला असं मागणीपत्र माहीतच नव्हतं. त्यांचा ईमेल आला की मूळ टीसी आणि तीवर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी असल्याशिवाय प्रवेश पक्का होणार नाही. म्हणजे इकडचे म्हणतात आधी तिकडचा कागद आणा, तिकडचे म्हणतात आधी इकडचा. मी दोन्हींच्या मध्ये. बाबूंना ईमेल दाखवला तर म्हणाले, "यात 'टीसी द्यावी' असं कुठे लिहून आहे?" मुख्याध्यापिका मॅडम शिबिराला गेलेल्या, मग सत्र परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. दर वेळी तेच वाक्य. शिक्षण हक्क कायद्याच्या 5 व्या कलमात मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यावा असं आहे, ते मी वाचून गेले होते. पण ते कलम देशातल्या शाळाबदलासाठी आहे, परदेशातली शाळा त्यात येत नाही, म्हणून त्यावरून भांडायला गेले नाही.

शेवटी मुख्याध्यापिका मॅडम भेटल्या आणि त्यांनी नीट सांगितलं तेव्हा कळलं की अडचण खरी कुठे आहे. मूल पटावरून कमी झालं आणि पुढे कुठल्याच शाळेत दिसलं नाही, तर ते शाळाबाह्य झालं का, याचं उत्तर शाळेला द्यावं लागतं. मागणीपत्र हा त्यांच्या फाइलीतला पुरावा असतो. तो नसेल तर त्या जागी दुसरा पुरावा हवा. हे बाबूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझी सगळी धावपळ वाचली असती.

मग मी मस्कतच्या शाळेकडून लेटरहेडवर तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र मागितलं: अमुक मुलीला सहावीत जागा राखून ठेवली आहे, टीसी मिळाल्यावर प्रवेश पक्का होईल. ते त्यांनी लगेच दिलं. सोबत मुलीच्या व्हिसाची प्रत, तिकिटाची प्रत आणि आम्हा दोघांच्या सहीचं हमीपत्र जोडलं, आणि नवा अर्ज लिहिला. तो असा:

"प्रति, मा. मुख्याध्यापिका. विषय: परदेशी स्थलांतरामुळे शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. महोदया, माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता 6 वीत शिकत आहे. तिच्या वडिलांच्या नोकरीनिमित्त आमचे कुटुंब 14 डिसेंबर रोजी मस्कत, ओमान येथे स्थलांतरित होत आहे. ती 29 नोव्हेंबरपर्यंत शाळेत हजर राहील. तिचा पुढील प्रवेश परदेशातील शाळेत असल्याने मागणीपत्र उपलब्ध होणार नाही. त्याऐवजी तात्पुरत्या प्रवेशाचे पत्र, व्हिसा व तिकिटाची प्रत आणि हमीपत्र सोबत जोडले आहे. दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावयाची असल्याने तो 30 नोव्हेंबर रोजी मिळावा ही विनंती."

या अर्जात तीन तारखा आहेत आणि तिन्ही लागतात. मुलगी शेवटची कधी येणार, दाखला कधी हवा आणि विमान कधी. नुसतं 'लवकरात लवकर' लिहिलं तर बाबूंच्या टेबलावर त्या अर्जाला घाई राहत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पुढच्या वेळी गेले तेव्हा मी फक्त तो क्रमांक सांगितला आणि फाइल निघाली.

तारखेबद्दल अजून एक, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. व्हिसा हातात येईपर्यंत टीसी काढू नका. दाखला निघाला की जनरल रजिस्टरात शाळा सोडल्याची तारीख पडते आणि मुलाचं नाव पटावरून जातं. पुढे व्हिसा लांबला तर मूल ना इकडच्या शाळेत, ना तिकडच्या. म्हणून दोन पत्रं द्यावीत. आधी नुसती पूर्वसूचना, की अमुक महिन्यात जाण्याची शक्यता आहे, दाखल्यासाठी स्वतंत्र अर्ज देऊ. व्हिसा आला की वरचा अर्ज. पूर्वसूचनेमुळे फी, ग्रंथालयाची पुस्तकं वगैरे नो ड्यूजचं काम आधीच उरकतं.

दाखला हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा. नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे आहे का, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही जुळतात का, शाळा सोडण्याचं कारण काय लिहिलंय. आमच्या दाखल्यावर आधी 'पालकांच्या विनंतीवरून' असं होतं. मी मॅडमना सांगून ते 'पालकांचे परदेशी स्थलांतर' असं करून घेतलं, कारण त्यावरून मुलगी मधेच का निघाली ते पुढच्या शाळेला विचारावं लागत नाही. दुरुस्ती फक्त शाळाच करू शकते. आपण पेनाने एक अक्षरही बदलायचं नाही, त्याने दाखला बाद होतो.

प्रतिस्वाक्षरीसाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात जावं लागलं, तिथे सहावीची मुलं प्राथमिक विभागाकडे येतात. काम झालं. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा शिक्का, हा वेगळा प्रकार आहे, तो परराष्ट्र मंत्रालयाचा. मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फतच घेतं, आणि त्याआधी राज्य पातळीवरचं साक्षांकन लागतं. आमच्या मस्कतच्या शाळेला ते नको होतं. तुमच्या शाळेला आधी ईमेलने विचारून घ्या, कारण हवं असेल तर दाखला आणि विमान यांत दोन आठवडे पुरणार नाहीत.

बोनाफाइड राहिलंच सांगायचं. ते नाव पटावर असतानाच घ्या, टीसी निघाल्यावर 'ही आमची विद्यार्थिनी आहे' असं शाळा लिहून देऊ शकत नाही. आणि पाचवीचं निकालपत्रक हाताशी ठेवा. मध्येच निघालेल्या मुलाच्या टीसीवर 'सहावीत शिकत होती' एवढंच असतं, पाचवी पास झाल्याचा पुरावा त्या निकालपत्रकातच. पहिल्या सत्राचे गुण मी वेगळ्या कागदावर सही-शिक्क्याने घेतले. तिकडच्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि विदर्भात आपल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे तिथला तिचा वर्ग अभ्यासक्रमात पुढे होता. ते गुण पाहून बाईंनी तिला गणितासाठी थोडे दिवस वेगळं बसवलं.

टीसीवर मुलीचा पेन क्रमांक, म्हणजे यूडायसचा कायम शैक्षणिक क्रमांक, लिहून घेतलाय. उद्या भारतात परतलो तर तिची जुनी नोंद त्यावरूनच सापडेल. आणि मूळ दाखला मस्कतच्या शाळेत जमा करण्याआधी दोन्ही बाजू रंगीत स्कॅन करून ठेवा. मूळ प्रत एकदाच मिळते, नंतरच्या प्रतीवर 'दुय्यम' असा शिक्का येतो.