प्रिंटरपाशी चार मिनिटे

मंगळवार, रात्री साडेनऊ

लेखा विभागातल्या त्या सहकाऱ्याशी आज मी अखेर बोलले. बोलणे जेमतेम चार मिनिटांचे होते, परंतु ते कसे जमून आले आणि जून महिन्यातले का फसले, हे आठवणीत ताजे आहे तोवर लिहून ठेवते.

जूनमध्ये मी घरून वाक्य ठरवून नेले होते. कँटीनमध्ये तो एकटा जेवत असताना मी समोरची खुर्ची ओढून बसले आणि "तुम्हाला गाणी ऐकायला आवडतात का?" असे विचारले. तो "हो" म्हणाला आणि विषय तिथेच संपला. माझा प्रश्न असा होता की त्याला एका शब्दाशिवाय दुसरे काही उत्तर देण्याची गरजच नव्हती. त्याहून मोठी चूक जागेची होती, कारण पुढ्यात अर्धे भरलेले ताट असताना माणसाला बोलणे नकोसे झाले तरी उठून जाता येत नाही. त्याची ती अडचण मला दिसत होती आणि तरीही मी पुढची दहा मिनिटे तिथेच बसून राहिले, याचे मला अजून वाईट वाटते.

आज काहीच ठरवलेले नव्हते. पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा धरतो आणि आमच्या मजल्यावरचा प्रिंटर वारंवार अडकतो. तसा तो आज अडकला, तेव्हा आम्ही दोघेही आपापल्या कागदांची वाट पाहत उभे होतो. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, नखाच्या कडेला, निळ्या शाईचा डाग होता. "शाईचं पेन वापरता वाटतं? या कागदावर शाई फुटत नाही का?" असे मी विचारले. प्रश्न समोर दिसणाऱ्या वस्तूविषयी होता, त्याच्या आवडीनिवडींची चौकशी करणारा नव्हता, त्यामुळे त्याला मोकळेपणाने बोलता आले असावे. शाई फुटते, पावसाळ्यात तर फारच फुटते, म्हणून तो बारीक निब वापरतो, असे त्याने सांगितले आणि वडिलांचे जुने पेन दुरुस्त करून घेतल्याची गोष्ट मी न विचारताच पुढे जोडली. मग पेन कुठे दुरुस्त केले, हे मी विचारले आणि थोड्या वेळाने त्याने विचारले, "तुम्ही लिहिता का हाताने?"

या उलट प्रश्नाची मी वाट पाहत होते. समोरचा न विचारलेले सांगू लागला आणि आपल्याला काही विचारू लागला, तर त्याला बोलायचे आहे असे मी समजते. एकेका शब्दात उत्तरे आली असती आणि नजर प्रिंटरवरच राहिली असती, तर माझे कागद येण्याआधीच मी गप्प झाले असते. कागद येताच "चला, बैठक आहे" म्हणून मी आधी निघाले, आणि ती बैठक खरोखरच होती.

तू म्हणावे की तुम्ही, याचा विचार मात्र मी फार दिवस केला होता. आम्ही एकाच वयाचे आहोत, परंतु पहिल्याच भेटीत "तू" म्हटले तर सलगी वाटते, आणि पाच वाक्यांत पाच वेळा "तुम्ही" म्हटले तर बँकेच्या खिडकीपाशी उभे असल्यासारखे वाटते. "येणं कुठून होतं?", "जेवण झालं का?" अशा वाक्यांनी आपली भाषा ही निवड पुढे ढकलू देते, हे मला फार उपयोगी वाटते. "तू" आधी त्याच्याकडून आले तरच मी म्हणेन.

त्याचा नंबर कार्यालयाच्या ग्रुपमध्ये आहे. तो कामासाठी दिलेला आहे, म्हणून त्यावर मी सुप्रभातचा संदेशसुद्धा पाठवणार नाही. तो माझ्या हाताखाली काम करत असता, म्हणजे त्याचे वार्षिक मूल्यमापन माझ्याकडे असते, तर मी आजचे हे बोलणेही सुरू केले नसते. तेव्हा तो मोकळेपणाने बोलतो आहे की नाइलाजाने, हे मला कधीच कळले नसते.

परतताना बसमध्ये मी माझे प्रत्येक वाक्य पुन्हा तपासत होते. संभाषण संपल्यावर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसे प्रत्यक्षापेक्षा कमी करतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय संशोधनात आढळले होते. ते आठवल्यावर मी तपासणी थांबवली आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

त्याआधी संध्याकाळी लिफ्टपाशी तो पुन्हा भेटला होता. शाई न फुटणारा कागद त्याच्याकडे आहे, त्यातला एक उद्या आणून देतो, असे तो म्हणाला. तो विसरला तर मी आठवण करून देणार नाही. आणला, तर घरचे जुने पेन धुऊन त्यावर लिहून पाहीन आणि शाई फुटली की नाही ते त्याला सांगेन.